दूरच्या हाताला आधी ओसरीवर बसवा

वडील कोल्हापूरला, मी बंगळुरूला. त्यांचा कॉम्प्युटर इथून चालवता यावा म्हणून रस्टडेस्क हे रिमोट सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवतोय. आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये टाकून नेमकं काय बघायचं? चालतंय का, एवढंच?

चालेल हो. बघायचं ते खिडकी बंद केल्यावर आणि प्रोग्राम काढून टाकल्यावर मागे काय उरतं. रस्टडेस्क इन्स्टॉल केलं की विंडोजमध्ये त्याची पडद्यामागे चालणारी सर्व्हिस बसते आणि मशीन चालू होताना आपोआप सुरू होते. यात लपवाछपवी काही नाही, वडिलांनी लॉगिन केलेलं नसतानाही तुम्हाला आत जाता यावं म्हणूनच ती असते. पण अशी सर्व्हिस म्हणजे घराला काढलेलं नवं दार. ते कुठे आहे आणि बुजवता येतं का, हे आधी ठाऊक हवं.

व्हर्च्युअल मशीन बनवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज टाकून झालं, की काहीही इन्स्टॉल करण्याआधी त्या मशीनचा क्लोन करा. क्लोन करताना नवे मॅक ॲड्रेस द्यायला सांगा, म्हणजे दोन्ही मशीन वेगळी ओळखली जातील. एक वडिलांचं, एक तुमचं. मग वडिलांच्या मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे हवं तेव्हा परत येता येईल अशी आत्ताची स्थिती, साठवून घ्या आणि त्यातल्या पॉवरशेलमध्ये सर्व्हिसेसची यादी साठवा:

```
(Get-Service).Name > aadhi.txt
```

रस्टडेस्क इन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा, आणि पुन्हा यादी काढून ताडून पाहा:

```
(Get-Service).Name > nantar.txt
Compare-Object (gc aadhi.txt) (gc nantar.txt)
```

`=>` अशा बाणासमोर आलेली नावं नवी. `RustDesk` दिसायलाच हवं. `CDPUserSvc_` सारखी, शेवटी अंडरस्कोर आणि पुढे आकडे-अक्षरं असलेली नावंही दिसतील. त्यांना घाबरू नका, ती विंडोजचीच आहेत आणि त्यांचं शेपूट दर लॉगिनला बदलतं. याशिवाय तिसरंच काही दिसलं, तर ते कशाचं आहे हे कळेपर्यंत थांबा.

आता वडिलांच्या मशीनवर कायमचा पासवर्ड ठेवा, रस्टडेस्कची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद करा आणि दुसऱ्या मशीनवरून जोडून बघा. जोडलं जातं! बऱ्याच जणांना इथे धक्का बसतो. त्यानंतर पासवर्ड बंद करून नुसत्या क्लिकने परवानगी देण्याचा पर्याय लावा आणि परत जोडा. कोणीतरी समोर बसून होकार देईपर्यंत आत जाता येता कामा नये. वडील फोनवर असतानाच तुम्ही मदत करणार असाल, तर मी हाच पर्याय ठेवेन.

शेवटी अनइन्स्टॉल, रीस्टार्ट आणि तिसरी यादी. `RustDesk` गेलेलं असलं पाहिजे. मग स्नॅपशॉटवर परत या, झालं.

विंडोज सँडबॉक्स आयतं मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला?

होम आवृत्तीत ते मिळतच नाही. प्रोमध्ये मिळतं, पण सँडबॉक्स बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं. अनोळखी फाइल एकदा उघडून बघायला छान. आपल्याला मात्र आज बंद केलेलं मशीन उद्या चालू केल्यावर दार उघडंच राहतं का, हे तपासायचंय. तिथे सँडबॉक्स उपयोगाचं नाही.

व्हर्च्युअल मशीनमधून माझ्या खऱ्या कॉम्प्युटरपर्यंत काही पोचू शकतं का? नेटवर्क तर NAT वरच आहे, म्हणजे त्या मशीनचं इंटरनेट माझ्या कॉम्प्युटरमार्फतच जातं.

NAT मुळे बाहेरच्याला आत येणं अवघड होतं, आतल्याला बाहेर जाणं नाही. खात्री हवी तर व्हर्च्युअल मशीनमधल्या ब्राउझरमध्ये घरच्या राउटरचा पत्ता टाका, बऱ्याच घरी तो `192.168.1.1` असतो. राउटरचं लॉगिन पान उघडेल. म्हणजे दुरून त्या मशीनमध्ये शिरलेल्यालाही ते उघडता येईल, आणि घरच्या नेटवर्कवर शेअर केलेले फोल्डरही शोधता येतील. इंटरनेट तोडून उपयोग नाही, कारण मग रस्टडेस्कच जोडलं जाणार नाही. मी चाचणीपुरता लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतो. घरातली बाकी यंत्रं आपोआप नजरेआड होतात.

दुसरी फट क्लिपबोर्डची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये Shared Clipboard आणि Drag and Drop दोन्ही Disabled ठेवा, Shared Folders रिकामं ठेवा. नाहीतर खऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी केलेला पासवर्ड आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये जाईल, आणि रस्टडेस्कचाही क्लिपबोर्ड चालू असल्याने तिथून पलीकडच्या माणसाकडे.

बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याने फोनवर एक रिमोट ॲप टाकायला सांगितलं. व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकलं तर धोका नाही ना?

फोन ठेवा. व्हर्च्युअल मशीन कॉम्प्युटर वाचवतं. तुम्ही त्यात नेटबँकिंग उघडून टाइप केलेला पासवर्ड आणि ओटीपी समोरच्याला तितकाच स्पष्ट दिसतो. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये एनीडेस्क वापरून होणाऱ्या अशाच फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. एनीडेस्क हे प्रामाणिक सॉफ्टवेअर आहे. वर दिलेल्या सगळ्या चाचण्यांत ते पास झालं असतं, तरी पैसे गेलेच असते.