गट नंबरचा नियम लिहिण्याआधी

भाऊ, अनुदानाचे अर्ज तपासणारी तुझी स्क्रिप्ट चालवण्याआधी हे ऐक. रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा ठिबकच्या अनुदानाचा अर्ज आमच्या एका लिपिकाच्या स्क्रिप्टने परत पाठवला. कागद पूर्ण, बँक खातं बरोबर. तो उतारा हातात घेऊन आला, "मना सातबारा खरा शे." खराच होता. गट होता 142/2अ, आणि नियम असा:

```python
if not re.fullmatch(r"[0-9]+", gat):
    status = "नामंजूर"
```

लिपिकाने नमुन्याला घेतलेले सगळे गट अखंड होते. भावांत वाटणी झाली की गटाला तिरकी रेघ आणि पुढे आकडा किंवा अक्षर लागतं, हे त्याच्या मनातच आलं नाही. मग नामंजूर यादी कारणाप्रमाणे लावली, तर या एकाच नियमावर अडकलेले बहुतेक वाटणीवालेच निघाले.

नियमातला नमुना तर रुंद कर:

```python
r"\d+(/[\dअ-ह]+)*"
```

पण हाही कुठेतरी अडेलच. कोणी 142-2अ असं टंकेल. म्हणून खरी दुरुस्ती त्या नियमाच्या दुसऱ्या ओळीत आहे. तिथे "नामंजूर" काढून "हाताने तपासा" लिही, सोबत नियमाचं नाव नोंदव. रकाना रिकामा असेल तर अर्ज खुशाल परत पाठव. लिहिण्याची पद्धत वेगळी दिसली, तर आधी उतारा उघडून बघ.