इतिहास जेतेच लिहितात का?

प्रश्न: 'इतिहास जेतेच लिहितात असं एका निबंधात वाचलं. मराठ्यांच्या बाबतीत हे खरं आहे का?'

सुरुवातीला खरं होतं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, आणि साताऱ्यात इंग्रजांचा पोलिटिकल एजंट म्हणून आलेल्या ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास छापला. सह्याद्रीतलं वाळलेलं गवत पेटावं तसा त्याने मराठ्यांचा उदय रंगवला, म्हणजे त्यामागे विचार वा योजना फारशी नाहीच. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 मध्ये नेमकं हेच खोडून काढलं.

पण डफने मराठी कागद खूप वापरले होते, हेही मान्य करायला हवं. आणि इथेच निबंधातलं विधान लंगडं पडतं, कारण असे कागद हरलेल्यांच्या घरांतही उरतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली. 1898 मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तो 1750 ते 1761 मधल्या पत्रांचा, म्हणजे थेट पानिपतापर्यंतचा. पानिपत आपण हरलो, तरी भाऊसाहेबांची बखर आपल्याकडेच लिहिली गेली. मात्र बखर नंतरची आणि रंगवलेली असते, म्हणून तिच्यातला तपशील त्या वेळच्या पत्राशी ताडूनच घ्यावा.