कमीत कमी नाण्यांत रक्कम जमवायचा प्रोग्राम आहे, नाणी 3 आणि 5. dp[i] म्हणजे i रुपयांना लागणारी कमीत कमी नाणी. माझ्या टेबलात dp[4] = 0 येतंय, बरोबर आहे का? उद्या ठाण्याला प्रॅक्टिकल आहे.

चूक आहे, 0 फक्त dp[0] मध्येच हवा. 4 रुपये या नाण्यांनी जमतच नाहीत. तुम्ही न जमणाऱ्या रकमेला बहुतेक -1 ठेवलंय, म्हणून dp[1] + 1 = 0 झालं आणि तेच सर्वात लहान ठरलं. आत लक्ष्य रकमेहून मोठा आकडा ठेवा, -1 फक्त छापताना. (INT_MAX नको, 1 मिळवला की ओव्हरफ्लो.) मग 11 पर्यंत असं दिसायला हवं:

```
0 ∞ ∞ 1 ∞ 1 2 ∞ 2 3 2 3
```

प्रत्येक घर 3 आणि 5 मागे जाऊन तपासा: dp[11] = min(dp[8], dp[6]) + 1 = 3, म्हणजे 5+3+3. प्रत्येक घर फक्त मागच्या घरांवर अवलंबून असतं, त्यामुळे एवढी तपासणी पुरते. मात्र नाणी हवी तितकी वापरता येत असतील तरच.