‘क्वांटम मेरुइट’मधलं ‘मेरिट’

प्रश्न : आमचे मामा गवंडी आहेत. कंपाउंड वॉलचं काम अर्धं झाल्यावर मालकानं त्यांना थांबवलं. वकिलांनी नोटिशीत ‘क्वांटम मेरुइट’ असा शब्द घातलाय. मेरिट म्हणजे गुणवत्ता, तेव्हा मराठीत ‘गुणवत्तेनुसार मोबदला’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. मामांचं नुकसानच होईल त्यानं. मालक लगेच म्हणेल, “काम कुठं गुणवत्तेचं होतं?” आणि भांडण भलत्याच रुळावर जाईल.

हे लॅटिन आहे. ‘क्वांटम’ म्हणजे जितकं. भौतिकशास्त्रातला क्वांटमही इथूनच आलेला, पण त्याला इथं काम नाही. ‘मेरुइट’ हे क्रियापद आहे, भूतकाळी, तृतीय पुरुषी, एकवचनी : त्यानं कमावलं. ‘मेरिट’ त्याच धातूपासून आलं हे खरं. पण धातूचा रोजच्या वापरातला अर्थ कमावणं, मजुरी मिळवणं असा होता. रोमन सैनिक पगारावर चाकरी करायचा, त्यालाही हेच क्रियापद. नोकरी पुरी करून निवृत्त झालेल्या प्राध्यापकाला ‘एमेरिटस’ म्हणतात, तेही इथलंच. गुणवत्ता यादीवालं मेरिट पुष्कळ नंतरचं. म्हणजे ‘क्वांटम मेरुइट’ शब्दशः ‘जितकं त्यानं कमावलं तितकं’.

आता ‘मोबदला’ शब्द बघा. हा अरबीतून आला, मुळात अदलाबदल. मी हे देतो, तू ते दे. त्यात दोघांचं आधी ठरलेलं असतं असा वास येतो. क्वांटम मेरुइटची गंमत अशी की ते ठरलेलं जिथं मोडलं, किंवा कायद्यापुढं टिकलंच नाही, तिथं ते उभं राहतं. करार शाबूत असेल आणि त्यात रक्कम लिहिलेली असेल, तर हा शब्द काढूच नये. लष्कराला तूप पुरवणाऱ्या एका एजंटाने युद्धात खर्च वाढला म्हणून ठरल्यापेक्षा जास्त मागितलं, तेव्हा सुप्रीम कोर्टानं 1960 साली हेच सांगितलं : भाव करारात ठरलेला असेल तर ही वाट बंद.

मामांचं कसं होतं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी एक गुत्तं मांडतो. (सोलापुरात आपण ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतो, तो शब्द कन्नडातल्या गुत्तिगेचा भाऊ.) आकडे समजुतीसाठी धरलेत. अक्कलकोट रोडकडं एका प्लॉटला 120 फूट लांब, 5 फूट उंच भिंत बांधायची. माल मालकाचा, मजुरी गुत्त्यानं 90,000 रुपये. गवंड्यानं सगळा पाया भरला, 80 फूट भिंत उभी केली, गिलाव्याला अजून हातही लावलेला नाही. 20,000 उचल घेतलेली. आणि मालकानं गेटला कुलूप लावून दुसरा माणूस आणला.

गवंडी म्हणेल, 120 पैकी 80 झालं, म्हणजे दोन तृतीयांश, 60,000 द्या. हे गणित चुकतंय, कारण गिलाव्याचं काम अजून पूर्णच बाकी आहे. झालेलं काम मोजायचं, पैशाला पूर्ण गुत्त्याची फूटपट्टी लावायची नाही. त्या भागात पाया भरायला मजुरी 12,000, विटांच्या बांधकामाला चौरस फुटाला 80 आणि गिलाव्याला 25 असा दर चालू आहे असं धरा. 80 फूट गुणिले 5 म्हणजे 400 चौरस फूट, त्याचे 32,000. पायाचे 12,000 मिळवले की 44,000. उचल वजा जाऊन 24,000 राहतात. गिलाव्याचे पैसे नाहीत, कारण ते त्यानं कमावलेच नाहीत. बाकीचं काम हातून गेल्यामुळे बुडालेला नफा मागायचा असेल तर ती नुकसानभरपाई, वेगळी मागणी. एकाच तोंडानं दोन्ही मागताना नोटिशीत घोळ होतो.

आता गुणवत्ता मागच्या दारानं येते. त्या 80 फुटांतला दहा फुटांचा तुकडा ओळंब्यात नाही, पाडावा लागणार असं निघालं, तर त्या 50 चौरस फुटांचे 4,000 कापले जातील, वर पाडायचा खर्च. म्हणून काम थांबवलं त्याच दिवशी तारखेसह फोटो आणि दोघांच्या समोर घेतलेलं मोजमाप हातात असावं. गिलावा झाल्यावर आतली वीट कुणालाच दिसत नाही.

करारच रद्दबातल असेल तर? 1944 साली बंगालमध्ये आरामबागला एका कंत्राटदारानं सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गोदामाजवळची बांधकामं केली. गव्हर्नरच्या नावानं, ठरल्या पद्धतीनं कागदच झाला नव्हता, म्हणून करार कायद्यानं नव्हताच. सरकार म्हणालं, पैसे कशाचे? 1961 साली सुप्रीम कोर्टानं भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 70 लावलं आणि पैसे द्यायला लावले. कलमाचा मुद्दा साधा आहे. कायदेशीररीत्या काम केलं, फुकट करायचा इरादा नव्हता आणि समोरच्यानं त्याचा फायदा घेतला, तर त्यानं भरपाई द्यावी. पण कोर्टानं एक गोष्ट तेवढ्याच जोरात सांगितली : समोरच्याला काम नाकारायची मोकळीक असावी लागते. कुणी न विचारता तुमची भिंत रंगवली आणि बिल पाठवलं, असं चालत नाही.

याच मोकळिकीमुळे उलटी बाजूही समजते. गवंडी स्वतःच गड्ड्याची जत्रा तोंडावर आली म्हणून निघून गेला आणि परत आलाच नाही, तर तो अडचणीत येतो. इंग्लंडमध्ये 1898 साली अशाच एका बांधकामवाल्याला अर्धवट इमारतीचे पैसे नाकारले. मालकाच्या जमिनीवर अर्धी इमारत उभी, ती नको म्हणायचीही सोय नाही, मग त्यानं ती ‘स्वीकारली’ कशी म्हणायची? जाताना सोडून गेलेलं सामान मात्र मालकानं पुढं वापरलं, ते परत करता आलं असतं, म्हणून त्याचे पैसे द्यावे लागले. मामांना मालकानं थांबवलं असेल तर त्यांना या खटल्याची धास्ती नको. फक्त ‘मालकाने काम थांबविले’ हे वाक्य नोटिशीत स्पष्ट असावं. आणि उशीर करू नये, केल्या कामाच्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

मराठी शब्द म्हणाल तर संस्कृत वळणाचा ‘यथार्ह’ जवळचा आहे, ‘अर्ह’ म्हणजे पात्र असणं. पण तो गवंड्याला कळणार नाही आणि मालक मुद्दाम न कळल्यासारखं करील. मी ‘केल्या कामाचे रास्त दाम’ घेईन. ‘केल्या’ या शब्दात न केलेला गिलावा बाहेर राहतो, आणि ‘रास्त’मध्ये चालू दर येतो. तुमच्या वकिलांना लॅटिन ठेवायचंच असेल तर ठेवू द्या, पण शेजारी असं वाक्य असू द्या : ‘मालकाने काम थांबविल्यामुळे अर्जदाराने तोवर केलेल्या कामाचे, चालू दराने, उचल वजा जाता येणे रुपये अमुक.’