क्वार्टर, गाडी, कॅन्टीन: हातात न आलेल्या पगारावरचा कर

पत्र: सर, नमस्कार. मुलगा मायनिंग इंजिनिअर आहे, पाच वर्षांचा अनुभव. दोन ऑफर आल्या. एक कोरपना तालुक्यातल्या सिमेंट कंपनीची, चुनखडीच्या खाणीवर: वर्षाला 12 लाख रोख, कॉलनीत कंपनीच्या मालकीचं क्वार्टर (महिना 500 रुपये भाडं कापणार), ड्रायव्हरसह छोटी गाडी घरच्या वापरालाही, आणि ड्युटीवर 15 रुपयांत जेवण. दुसरी नागपूरची: 14 लाख रोख, बाकी काही नाही. तिथं घरभाडंच 18 हजार सांगतात. खाणवाले म्हणतात, घर-गाडीवरही टॅक्स कापू. जे पैसे हातात येतच नाहीत त्यावर टॅक्स काऊन? आणि कोणती नोकरी घ्यावी?
— एक पालक, मारेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर:

नमस्कार. नुसता पैसाच पाहायचा तर खाणीची नोकरी वर्षाला 50 हजारांहून थोडी जास्तच पुढे निघते, आणि त्यात गाडीचा फायदा अजून धरलेलाच नाही. क्वार्टर नेमकं कुठं आहे यावर हा फरक आणखी 33 हजारांनी वाढू शकतो. खालचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, पूर्ण वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होतो, त्यामुळे मुलगा ज्या वर्षी रुजू होईल त्या वर्षीचे रुपयांतले दर एचआरकडून तपासून घ्या. हिशेबाची रीत समजली की आकडा बदलणं सोपं आहे.

तुमच्या 'काऊन'चं उत्तर असं. कंपनीनं भाडं रोख दिलं असतं तर ते पगारात धरून त्यावर कर लागला असता. तेच घराच्या रूपात दिलं म्हणून कर सुटत नाही. मात्र घराचा बाजारभाव कुणी विचारत नाही. आयकर नियमावलीतल्या नियम 3 मध्ये घर, गाडी, जेवण अशा प्रत्येक सवलतीचं मूल्य काढायची ठरलेली पद्धत आहे. कंपनी ते मूल्य पगारात मिळवते आणि बारा महिन्यांत वाटून टीडीएस कापते.

घराचं पाहू. घर कंपनीच्या मालकीचं असेल तर गावाच्या लोकसंख्येवर दर ठरतो. 2011 च्या जनगणनेनुसार 40 लाखांवरच्या शहरात पगाराच्या 10 टक्के, 15 ते 40 लाखांत साडेसात टक्के, त्याखाली 5 टक्के. नागपूर मधल्या गटात येतं. चंद्रपूर, यवतमाळ, कोरपना सगळे 5 टक्क्यांत. इथं 'पगार' म्हणजे फक्त बेसिक नव्हे. बोनस आणि करपात्र भत्ते त्यात येतात. निवृत्तीच्या लाभांत धरला जाणारा महागाई भत्ताही येतो. कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि या सवलतींचं मूल्य मात्र धरत नाहीत. मुलाचे 12 लाख सगळे करपात्र आहेत असं धरलं, तर 5 टक्के म्हणजे 60,000. पलंग, कपाट, फ्रिज, एसी कंपनीचे असतील तर त्यांच्या खरेदी किमतीच्या 10 टक्के दरवर्षी मिळवायचे. किंमत 1,20,000 धरली तर 12,000. कापलेलं भाडं वर्षाचं 6,000 वजा. घराचं मूल्य 66,000.

हेच घर कंपनीनं गावातल्या कुणाकडून महिना 6,000 ने भाड्यानं घेऊन दिलं असतं, तर पद्धत वेगळी. दिलेलं भाडं किंवा पगाराच्या 10 टक्के, यांतलं जे कमी ते मूल्य. म्हणजे 72,000, त्यातून मुलाकडून कापलेलं भाडं वजा. म्हणून ऑफर लेटरवर 'कंपनी क्वार्टर' एवढंच लिहिलं असेल तर मालकी कुणाची ते विचारा.

आता तुमच्या मुलासाठी सगळ्यात मोलाचा मुद्दा, जो पेरोलवाले बहुधा आपणहून सांगत नाहीत. खाणीच्या साइटवर काम करणाऱ्याला दिलेलं घर दोन परिस्थितींत पूर्ण करमुक्त असतं. एक, घर तात्पुरत्या स्वरूपाचं असावं, जोत्याचं क्षेत्रफळ 1,000 चौरस फुटांच्या आत असावं, आणि कुठल्याही नगरपालिकेच्या हद्दीपासून ते किमान 8 किलोमीटर दूर असावं. दोन, घर 'दुर्गम भागात' असावं. दुर्गम म्हणजे 2011 च्या जनगणनेत 1 लाख किंवा जास्त लोकसंख्या असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीपासून 30 किलोमीटरच्या बाहेर. पक्क्या क्वार्टरला पहिली वाट सहसा बंद असते, दुसरी मात्र उघडी असते. हे 30 किलोमीटर हवाई अंतरानं मोजायचे, एसटीच्या रस्त्यानं नव्हे, आणि शहराच्या चौकापासून नव्हे तर हद्दीपासून. बल्लारपूर 1 लाखाच्या आत असल्यानं ते आड येत नाही. चंद्रपूर मात्र 3 लाखांच्या वर आहे, त्यामुळे मोजायचं ते तिथून. कोरपना तालुक्यात गडचांदूरच्या बाजूची कॉलनी आणि पश्चिमेकडची कॉलनी यांचं उत्तर वेगवेगळं निघू शकतं.

नियमात खाणीची, वीजनिर्मितीची, धरणाची, प्रकल्प उभारणीची अशा साइट मोजून दिल्या आहेत. चालू सिमेंट कारखाना त्या यादीत नाही. एकाच कॉलनीत, भिंतीला भिंत लागून राहणारा भट्टीवरचा इंजिनिअर आणि खाणीवरचा इंजिनिअर यांच्या करात फरक पडतो तो यामुळे. नियुक्तिपत्रात कामाचं ठिकाण 'प्लांट' असं मोघम लिहिलेलं असेल तर रुजू होण्याआधी ते 'चुनखडी खाण' असं करून घ्या. नंतर दुरुस्ती मागणं अवघड जातं.

गाडीचं सोपं आहे. गाडी कंपनीची, खर्च कंपनीचा आणि वापर काही कामाचा, काही घरचा असेल, तर 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना 1,800 रुपये, त्यावरच्या इंजिनाला 2,400. ड्रायव्हर असेल तर आणखी 900. गाडी किती किलोमीटर फिरली, डिझेल किती जळलं, काही पाहत नाहीत. मुलाचे 2,700 गुणिले 12 म्हणजे 32,400. स्वतः चालवणार असेल तर 21,600. घरच्या वापराचं पेट्रोल मुलानंच भरायचं ठरलं तर 1,800 ऐवजी 600.

इथं एक चूक नेहमी होते. कंपनी घरच्या वापरापोटी महिना हजार-दोन हजार कापते आणि पेरोलवाला ती रक्कम 1,800 मधून वजा करतो. मिश्र वापरात अशी वजावट नाही. कापलेले पैसे गेले ते गेलेच, मूल्य तेवढंच राहतं. म्हणून अशी कपात असेल तर ती काढून टाकायला सांगा. गाडी पूर्ण कामासाठीच आहे असं दाखवून मूल्य शून्य करायचं असेल तर तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्चाची नोंदवही लागते, शिवाय कंपनीचा दाखलाही. बायको-मुलांना बाजाराला नेणाऱ्या गाडीसाठी ते करू नये. कॉलनी ते खाण नेणारी कंपनीची बस मात्र सवलत म्हणून मोजतच नाहीत.

जेवणाचं मूल्य म्हणजे कंपनीला पडलेला खर्च वजा मुलानं दिलेले पैसे. कामाच्या वेळेत, कामाच्या जागी दिलेल्या जेवणाला दर जेवणामागे 50 रुपयांची सूट आहे. एक ताट कंपनीला 95 ला पडतं असं धरू. 15 मुलाचे, 50 सूट, उरले 30. वर्षात 300 जेवणं म्हणजे 9,000. चहा-नाश्ता मोजत नाहीत, आणि भाग दुर्गम ठरला तर कामाच्या वेळेतलं जेवण पूर्णच सुटतं. ड्युटी संपल्यावर कॉलनीच्या मेसमधलं फुकट जेवण या सुटीत बसत नाही. जेवणाची कुपनं मिळाली तर नव्या प्रणालीत त्यांना 50 ची सूट नाही, आणि रोख जेवणभत्ता तर सरळ पगारच.

आता बेरीज. 12,00,000 अधिक घर 66,000, गाडी 32,400, जेवण 9,000, एकूण 13,07,400. प्रमाणित वजावट 75,000 काढली की करपात्र उत्पन्न 12,32,400. 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो, पण मुलगा ती रेघ 32,400 नं ओलांडतो. स्लॅबनं कर 64,860 येतो, तरी रेघेच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर घेत नाहीत. म्हणून कर 32,400 आणि 4 टक्के उपकर धरून 33,696. काही पेरोल सॉफ्टवेअर ही सूट लावायला चुकतं आणि 64,860 वर टीडीएस कापतं. पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकातच हे पकडता येतं: महिन्याची कपात 2,800 च्या आसपास हवी, 5,600 नको.

घर दुर्गम भागात ठरलं तर घर आणि जेवण दोन्ही गळतात. 12,00,000 अधिक गाडी 32,400, वजा 75,000, म्हणजे 11,57,400. कर शून्य.

नागपूरला 14 लाखांतून 75,000 गेले की 13,25,000, त्यावर उपकरासह 81,900 कर. भाडं 2,16,000. नव्या प्रणालीत घरभाड्याची सूट नसते. उरले 11,02,100. खाणीवर 12 लाखांतून कर 33,696, भाडं 6,000 आणि कॅन्टीनचे 4,500 गेले तर 11,55,804. पीएफची कपात दोन्हीकडे होईल, ती मी धरलेली नाही. नागपुरात गाडी घ्यायची झाली तर तिचा हप्ता आणि पेट्रोल या फरकाच्या बाहेर आहेत. माझं मत खाणीच्या बाजूनं आहे, पण 12 लाख खरोखर रोख आहेत का ते आधी पाहा. सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, 12 लाख असून त्यातच क्वार्टरचं 'मूल्य' आणि कंपनीचा पीएफ घुसवलेला असेल तर वरचं गणित पार उलटतं.

रुजू झाल्यावर दरवर्षी जूनमध्ये टीडीएसच्या दाखल्यासोबत सवलतींचं विवरणपत्र मागून घ्या, 2025-26 साठी हे अनुक्रमे फॉर्म 16 आणि फॉर्म 12बीए. त्यात घर, गाडी, जेवण प्रत्येकाचं मूल्य, कापलेली रक्कम आणि करपात्र रक्कम वेगळ्या रकान्यात असते. घराच्या ओळीत पलंग-कपाटाचे 12,000 सोडून 60,000 च्या जागी 90,000 दिसले तर समजा की कंपनी अजून साडेसात टक्क्यांचा जुना दर लावते आहे, जो 1 सप्टेंबर 2023 पासून बदलला. पुढे पगार वाढला तरी त्याच घराचं मूल्य त्याच वेगानं वाढू देत नाहीत. पहिल्या वर्षीचं मूल्य महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात जेवढं वाढेल तेवढीच त्याची मर्यादा. हा निर्देशांक 2024-25 ला 363 होता, 2025-26 ला 376 झाला, म्हणजे वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मुलाला 15 टक्के वाढ मिळाली आणि घराचं मूल्यही 15 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, तर लेखी हरकत घ्या, तीही मार्चचा टीडीएस कापण्याआधी.