जुनं मायनिंग मशीन आणि विजेचं बिल

"नमस्कार सर, मी आर्णी तालुक्यातला शेतकरी. कापसाचे पैसे हाती आहेत. मित्र बिटकॉइन मायनिंगचं जुनं मशीन, अँटमायनर एस19 प्रो, 60 हजारांत देऊन राहिला. पूलला जोडलं की रोज पैसे जमा होतात म्हणतो. विहिरीवर मोटरचं कनेक्शन आहे, तिथंच लावू का?"

घेऊ नका. पूलबद्दल मित्र सांगतो ते खरं आहे, पण विजेचा हिशेब त्यानं सांगितलेला नाही.

हे मशीन सेकंदाला 110 टेराहॅश, म्हणजे 110 लाख कोटी आकडेमोडी, करतं. एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. जगभरातल्या मशीनांचा एकूण वेग 900 एक्झाहॅश धरला, तर एकट्यानं एक ब्लॉक, म्हणजे बिटकॉइन व्यवहारांचा बक्षीस मिळवून देणारा एक गठ्ठा, सापडायला सरासरी दीडशे वर्षं लागतील. म्हणून लहान मायनर पूलमध्ये, म्हणजे मिळून मायनिंग करणाऱ्यांच्या गटात, जातात. तिथं तुमचं मशीन थोड्याथोड्या वेळानं 'शेअर', म्हणजे काम केल्याचा पुरावा, पाठवत राहतं आणि त्या प्रमाणात वाटा मिळतो. एफपीपीएस पद्धतीत पूलला ब्लॉक सापडो न सापडो, प्रत्येक शेअरचे पैसे ठरलेले. पीपीएलएनएसमध्ये ब्लॉक सापडला तरच, तेही अलीकडच्या शेअरपुरते. कोणतीही पद्धत घ्या, पूल नशिबाचे चढउतार कमी करतो, सरासरी कमाई वाढवत नाही.

ती कमाई किती? एप्रिल 2024 पासून प्रत्येक ब्लॉकमागे 3.125 बिटकॉइन मिळतात. दिवसाला साधारण 144 ब्लॉक, म्हणजे 450 बिटकॉइन. त्यात तुमचा वाटा सुमारे 5,500 सातोशी, एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. एका बिटकॉइनचा भाव 80 लाख धरला तर 440 रुपये, पूलची फी जाऊन 430.

आता खर्च. मशीन 3,250 वॅट ओढतं, म्हणजे 24 तासांत 78 युनिट. 430 भागिले 78 केले की साडेपाच रुपये येतात. सगळे आकार धरून युनिट याहून महाग पडलं की तोटा. घरच्या मीटरवर महिन्याला 2,340 युनिट जास्तीची गेली तर तुम्ही सर्वात वरच्या टप्प्यात जाल. दहा रुपयांनी धरलं तरी रोजचे 780 रुपये. नवं एस21 3,500 वॅटमध्ये 200 टेराहॅश देतं, त्याला हीच मर्यादा नऊ रुपयांच्या थोडी वर जाते. जुनी मशीनं स्वस्तात का विकली जातात ते इथं कळतं.

वरून 30 टक्के कर. मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा होत नाही, हे केंद्र सरकारनं 2022 मध्ये लोकसभेत सांगितलं आहे.

मोटरच्या कनेक्शनचा विचार तर सोडाच. शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. शिवाय ती लाइन दिवसाचे काही तासच असते, आणि सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. या मशीनच्या पॉवर सप्लायला किमान 200 व्होल्ट लागतात. त्याची तापमानाची मर्यादा 40 अंश आहे, आपला मे महिना 45 चा.

मित्राचा आग्रह कायम असेल तर त्याच्याकडून गेल्या महिन्याचं वीजबिल आणि पूलमधून खरोखर जमा झालेली रक्कम मागा. जमा रकमेला मशीननं खाल्लेल्या युनिटांनी भागा आणि उत्तर त्याच्या युनिटच्या दराशेजारी ठेवून बघा.