ट्रायमध्ये शब्द कुठे संपतो, हे आधी नोंदवा

टाइप करताना शब्द सुचवण्यासाठी तुम्ही ट्राय, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी एक नोड असलेले झाड, बनवत असाल, तर त्यात `car` आणि `card` हे शब्द घातले की पहिल्या तीन अक्षरांचे नोड दोघांत सामाईक राहतात, त्यामुळे `r` च्या नोडवर `isEnd` हे `true` केले नसेल, तर `car` सूचनांमध्ये कधीच दिसणार नाही. नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते. शोधताना आधी टाइप केलेल्या अक्षरांनुसार खाली उतरा; एखादे अक्षर न सापडल्यास रिकामी यादी परत करा. पोहोचलेल्या नोडपासून रिकर्शन सुरू करताना ती अक्षरेही सोबत द्या, अन्यथा `ca` साठी `car` ऐवजी केवळ `r` हाती येईल. शब्द यादीत घातल्यावर मात्र तिथूनच परत फिरू नका, कारण `card` त्याच नोडच्या खाली आहे.